साक्षीच्या अकाउंटवरचा टीव्ही

आमच्या घरात अकाउंट म्हणावं असं एकच आहे, आणि ते साक्षीचं आहे. बँकेचं म्हणत नाही मी, फोनमधलं. साक्षीच्या पप्पांच्या फोनमधलं अकाउंट भोकरच्या मोबाईलवाल्यानं फोन विकताना स्वतःच काढून दिलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तो दुकान गुंडाळून हैदराबादला गेला तो गेलाच. माझा फोन अंगणवाडीचा. त्यात लेकरांची वजनं भरायची आणि वर पाठवायची, घरचं काही घालायचं नाही हा माझा नियम. नियम करायला कष्ट पडत नाहीत, म्हणून मी बरेच केलेत.

दिवाळीनंतर नांदेडहून मोठा टीव्ही आणला. साक्षी तेव्हा लातूरला परत गेली होती. डॉक्टरीच्या प्रवेशाची ती नीट परीक्षा, तिचं तिचं दुसरं वर्ष, म्हणजे रिपीटर बॅच. टीव्ही आला तेव्हा पोरगी घरात नाही, आणि घरात आम्ही दोघं, ज्यांना रिमोटची निम्मी बटणं कळत नाहीत. ज्यानं टीव्ही भिंतीला बसवला त्यानं जाता जाता सांगितलं की यूट्यूब लॉगिन करून घ्या, म्हणजे अर्धं बघितलेलं लक्षात राहतं. हे वाक्य साक्षीच्या पप्पांना फार आवडलं. यांचं नाव व्यंकटी. शेती करतात, आणि कोणतंही कीर्तन लावलं तरी पहिल्या अभंगाला जागे आणि दुसऱ्याला घोरत, अशी यांची भक्ती. अर्धं राहिलेलं कुणीतरी लक्षात ठेवणार म्हटल्यावर यांना टीव्ही वसूल झाल्यासारखं वाटलं.

लॉगिन दाबलं तर पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन आला. शेजारी लिहिलेलं की फोननं हा स्कॅन करा, नाहीतर अमुक पत्त्यावर जाऊन हा कोड टाका, आणि खाली इंग्रजी अक्षरं. यांनी फोन धरून चौकोन स्कॅन केला. फोनवर पान उघडलं आणि त्यानं मोबाईलवाल्याच्या अकाउंटचा पासवर्ड मागितला. हैदराबादला फोन लावू का, असं हे मलाच विचारायला लागले. मी म्हटलं, साक्षीला लावा.

साक्षी होस्टेलवर होती. तिनं सांगितलं की मला तिथं असायची गरज नाही, कोड वाचून दाखवा, मी इथून टाकते. यांनी वाचायला घेतलं. एकेक अक्षर बियाणं निवडल्यासारखं निवडून, मध्ये खोकून, हे एम का एन असं मला विचारून. हे शेवटच्या अक्षरापर्यंत पोचले तोवर कोडची मुदत संपली होती. पडद्यावर दुसराच कोड आला. मग मी वाचला, धडाधड. तिकडं तिनं टाकला, आणि तिच्या फोननं विचारलं की कोणतं अकाउंट जोडायचं.

"माझंच टाकू का?" तिनं विचारलं.

"टाक की. घरात एकच तर हाय," मी म्हटलं.

खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. रेशनकार्ड घराला एक, गॅसचं पुस्तक एक, तसं अकाउंटही एक. माणसं चार असोत नाहीतर दहा. तिनं परवानगी दिली आणि आमच्या भिंतीवर, टीव्हीच्या कोपऱ्यात, साक्षीचा गोल फोटो आला. दहावीच्या निरोप समारंभाचा, साडीतला. साक्षीचे पप्पा टीव्हीला म्हणाले, या डॉक्टरीणबाई. हे तिला दोन वर्षांपासून असंच म्हणतात, बाजारात, सोयऱ्यांत, बँकेच्या रांगेत. फोनवर साक्षी म्हणाली, झालं का, मी झोपते. दिवेलागणीची वेळ होती. मला वाटलं, पोरगी अभ्यासानं दमली असेल. दमली होतीच.

पुढं काही दिवस टीव्ही म्हणजे आमच्या घरातलं कौतुक. चालू केला की रांगेनं चित्रं यायची: पेशी, हृदयाचे कप्पे, बेंझिनची षटकोनं, फळ्यापुढं ओरडणारे सर. हे सगळं साक्षी तिकडं बघते म्हणून इकडं दिसतं, हे मला शेजारच्या अयोध्यानं समजावून सांगितलं. तिचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तिला असली माहिती असते. मग मी येईल त्या बाईला टीव्ही चालू करून ती षटकोनं दाखवत बसायची. त्या षटकोनांच्या मध्येच यांचे व्हिडिओ घुसायचे: सोयाबीनचा भाव, हरभऱ्यावरची अळी, कीर्तन. मी साक्षीला विचारलं की पप्पांच्या अळ्या तुझ्या फोनमध्ये येत असतील, त्रास होत असेल, टीव्हीवरून तुझं अकाउंट काढून टाकायचं का. ती म्हणाली, राहू द्या, बरं वाटतं. मी त्याचा विचार केला नाही. अंगणवाडीतून आल्यावर विचार करायला माझ्यात काही उरत नाही. चूल, भांडी, यांचा डबा, आणि मग पाठ टेकली की मेले.

एक दिवस सकाळी हे जेवता जेवता हरभऱ्याच्या मर रोगाचा एक लांबलचक व्हिडिओ बघत होते. निम्मा झाला आणि शेतावर निघाले. मी टीव्ही बंद केला, कुलूप लावलं आणि अंगणवाडीला गेले. दुपारी घरी आले, जेवताना सोबत म्हणून टीव्ही लावला. अर्धवट बघितलेल्या व्हिडिओखाली लाल रेघ असते, जितकं बघितलं तितकी. मर रोगाची रेघ सकाळी निम्म्यात होती, ती आता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. यांना फोन करून विचारलं की घरी येऊन गेलात का. हे म्हणाले, मी पाणी देऊन राहिलो, मला कुठली उसंत. यांच्या फोनवर बघितलं असेल म्हणावं तर तिथं मोबाईलवाल्याचं अकाउंट.

मग राहिली साक्षी. पण साक्षी त्या वेळेला क्लासमध्ये असते, आणि क्लासमध्ये फोन दारातच जमा करून घेतात. हे तिनंच मला सांगितलेलं, मीच इतर बायांना कौतुकानं सांगितलेलं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आईचं मन तर त्याहून जास्त चिंततं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम यांचं एक कीर्तन लावलं, थोडं चालू दिलं, मध्येच थांबवलं आणि कुलूप लावून गेले. दुपारी येऊन बघते तर कीर्तन संपलेलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तसंच. आम्ही अर्धं टाकलेलं सगळं माझी लेक भर क्लासच्या वेळेला लातूरच्या खोलीत पडून पूर्ण करत होती. वायरमननं वीज चोरणाऱ्याला पकडावं तशी मी तिला पकडली, आणि पकडून मला काडीचा आनंद झाला नाही.

क्लासवाले गैरहजेरीचा मेसेज घरी पाठवतात असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. तो जात होता यांच्या जुन्या नंबरावर, जो रिचार्ज न केल्यामुळं कधीच बंद पडला होता. तीही आमचीच चूक.

संध्याकाळी मी फोन लावला. आज काय शिकवलं म्हटलं. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, वनस्पतींचं पुनरुत्पादन. जेवण बरं हाय, मेसच्या मावशी बऱ्या हायेत, टेस्ट बरी गेली. मला इतका संताप आला की फोन कानाला चिकटवून मी नुसती उभी राहिले. शेजारी हे बसलेले, म्हणून बोलता येईना. आणि विचारलं असतं तर तिनं आणखी एक खोटं जोडलं असतं, आणि मग तेच धरून बसली असती. हट्टी आहे. माझ्यावर गेलीय.

यांना मी काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आख्ख्या भोकरला डॉक्टरीणबाई ऐकवून बसलेला माणूस, त्याला काय सांगायचं की तुमची डॉक्टरीण दिवसाढवळ्या तुमचं राहिलेलं कीर्तन ऐकत पडली आहे.

मग मी एका रविवारी, हे शेतावर असताना, टीव्हीतला इतिहास उघडला. मला वाटलं होतं, एखादा मुलगा निघेल. सिनेमे निघतील, गाणी निघतील, रात्र रात्र बघितलेल्या सिरीयली निघतील. खरं तर तेच निघावं असं वाटत होतं, म्हणजे कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. पेशी आणि षटकोनं खूप मागं राहिली होती, दिवाळीच्याही मागं; मी बायांना दाखवत होते ती तिच्या जुन्या बघण्यावरूनच येत होती. त्यानंतर ओळीनं काय होतं? एक बाई चुलीवर भाकरी थापतीय. एक माणूस बैल धुतोय. कुठल्या तरी गावचा आठवडी बाजार, कुणीतरी चालता चालता काढलेला. शेंगा फोडणाऱ्या बायका, नुसत्या गप्पा, गाणं नाही काही नाही. पुन्हा भाकरी. पुन्हा तीच भाकरी. आणि मध्ये मध्ये तिच्या पप्पांच्या अळ्या, शेवटपर्यंत बघितलेल्या.

मी खाली बसले. घर सोडून दोन वर्षं झालेली माझी पोरगी तिकडं घर बघत पडली होती. समोर असती तर आधी एक ठेवून दिली असती आणि मग जवळ घेतलं असतं, या क्रमानंच.

शोधायचं भिंग दाबलं की आधी शोधलेलं खाली दिसतं, हे मला कीर्तनं शोधून माहीत होतं. आजवर मी त्या ओळी कधी वाचल्या नव्हत्या, यांच्याच म्हणून सोडून द्यायची. त्या दिवशी वाचल्या. यांच्या बाजारभावाच्या मध्ये तिच्या होत्या: झोप येत नाही काय करावे. नीट सोडली तर पुढे काय. दुसऱ्यांदा पण मार्क कमी आले तर. घरी कसे सांगायचे.

शेवटची मी दोनदा वाचली. घरी कसं सांगायचं हे पोरगी यूट्यूबला विचारत होती, आणि घर मात्र तिला रोज फोनवर वनस्पतींचं पुनरुत्पादन विचारत होतं.

तिचं काय करावं ते मला कळेना. लातूरला जावं तर यांना कारण सांगावं लागणार. फोन करावा तर ती बरं हाय म्हणणार. शिवाय तुझं सगळं मी चोरून वाचलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. तिचं इकडं दिसतं, तर इकडचंही तिला दिसत असणार. अळी दिसते, कीर्तन दिसतं, तर मीही दिसेन. रिमोटवरचं माईकचं बटण दाबलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पडद्यावर अक्षरं उमटली: साक्षी मला कळलं मी रागावले नाही बोल माझ्याशी.

यूट्यूबनं त्याच्याखाली लग्नाची चार गाणी आणि नवरा-बायकोच्या भांडणाचा विनोद आणून ठेवला. त्याला काय कळतंय. मी बंद करून भाकरी टाकायला गेले. रागावले नाही हे खोटं होतं, पण तेवढं खोटं आईला चालतं.

त्या दिवशी काही आलं नाही. भिंग दाबलं की माझी ओळ सगळ्यांच्या वर तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तशीच. संध्याकाळी तिचा फोनही आला नाही. मेसच्या मावशींना फोन केला, त्या म्हणाल्या की पोरगी जेवून गेली, चेहरा उतरलेला होता पण जेवली. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी अंगणवाडीत लेकरांची वजनं करायचा दिवस, सुट्टी घेता येईना. एकेक लेकरू काट्यावर ठेवताना माझं लक्ष कशावरच नव्हतं. मदतनीस बाईनं दोनदा आकडा दुरुस्त केला.

घरी यायला उशीर झाला. दार उघडंच होतं, हे शेतावरून माझ्या आधी आले होते. टीव्हीपुढं उभे होते, पायात चपला तशाच, हातात रिमोट. पडद्यावर शोधलेल्याची यादी. कीर्तन लावायला म्हणून यांनी भिंग दाबलं होतं.

माझी ओळ दुसरी झाली होती. तिच्या वर नवी आली होती: पप्पा काय म्हणतील.

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे काय हाय?"

मी सांगितलं. लाल रेघ सांगितली, क्लास सांगितला, भाकरीचे व्हिडिओ सांगितले, झोप येत नाही ते सांगितलं. लपवायला जे राहिलं होतं ते सगळं सांगून टाकलं, पिशवी खांद्यावरून न उतरवता. मला वाटलं, आता भडकतील. नवऱ्याला राग येतो तेव्हा मी त्याला तोंड देऊ शकते, पण हा माणूस नुसता उभा राहिला की मला सुचत नाही.

शेवटी यांनी विचारलं, ती कधीपासून जात न्हाई? मी म्हटलं, दिवाळीपासून, बहुतेक. हे म्हणाले की दिवाळीत इथं होती तेव्हा आपण तिला चार घरी फिरवून आणली, डॉक्टरीण म्हणून. फराळाला. मीही बरोबर होते, नवी साडी नेसून.

मग हे पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचायला लागले. तीन तर शब्द, पण यांना वेळ लागला. मला वाटलं, माईकचं बटण दाबून काहीतरी बोलतील. यांनी रिमोट बाजूला ठेवला, चपला काढल्या, खाली बसले आणि खिशातून फोन काढला. मी म्हटलं, सांभाळून बोला. यांनी हातानंच मला गप्प केलं.

साक्षीनं उचलला. हॅलो म्हणाली नाही. स्पीकरवर तिचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदलेल्या माणसाचा. मी तोंडावर पदर धरला.

"पप्पा काय म्हणतेत ते ऐक," हे म्हणाले. आवाज बाजारात असतो तसाच, मोठा. "उद्या पहिल्या गाडीनं मी येऊन राहिलो. सामान तू बांधू नको, मी बांधतो."

तिकडून ती काहीतरी म्हणाली. रडण्यात एवढंच कळलं की पप्पा, मी लई थकले, आणि त्यानंतर लोक काय म्हणतील, डॉक्टर, असं काहीतरी.

"हाव," हे म्हणाले. "थकलीस तर घरी झोप आधी. डॉक्टर व्हायचं का न्हाई, ते झोप झाल्यावर बघू."